जामीन राहायचं नसेल तर वेळेवर सांगा



१ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात आपल्या पेडण्याच्या किनाऱ्यावर दोन कामं चालतात. एक, बोटी वर ओढून इंजिनं उघडायची, जाळी दुरुस्त करायची. आणि दुसरं, कर्जाची बोलणी. १ ऑगस्टला समुद्रात जायचं तर पैसा आधी लागतो, आणि या दोन महिन्यांत घरात मासळीचा पैसा येत नाही. मग एखाद्या संध्याकाळी चुलतभाऊ, मेव्हणा नाहीतर भाचा येऊन बलकांवावर बसतो. चहा होतो, पावसाची चौकशी होते, आणि निघता निघता तो म्हणतो, "एक काम होतं. सोसायटीच्या कागदावर नुसती सही पाहिजे होती."

"नुसती सही" या दोन शब्दांमुळे आपल्या भागात किती घरांचं जाणं-येणं बंद झालं, हे आम्ही सोसायटीच्या टेबलामागे बसून बघितलं आहे. म्हणून आज हा विषय. आमचं मत आधीच सांगून टाकतो. नात्यात जामीन राहायला किंवा मोठी रक्कम उसनी द्यायला नाही म्हटल्याने संबंध तुटत नाहीत. ते तुटतात ती सही अंगावर आल्यावर, नाहीतर "नाही" हा शब्द महिनाभर पोटात ठेवून शेवटच्या दिवशी बाहेर काढल्यावर.

एका सभासदाच्या घरची हकीकत त्याच्याच परवानगीने सांगतो. नाव-गाव नको. त्याला आपण मामा म्हणू.

मामाची बहीण डिचोली तालुक्यात दिलेली. २०११ साली भाओजींनी खनिज वाहतुकीसाठी टिपर घ्यायचं ठरवलं. तेव्हा तो शहाणपणाचाच धंदा होता. रस्त्यावर ट्रकांच्या रांगा होत्या आणि बाजूच्या घरातल्याने पहिल्या ट्रकावर दुसरा घेतला होता. कर्ज १२ लाखांचं, पाच वर्षांचं, व्याज १२ टक्के. हप्ता महिन्याला साधारण २६,७०० रुपये. मामाने सही केली. बायकोला विचारलं नाही, कागद पुरता वाचलाही नाही. बहिणीच्या नवऱ्याचा कागद काय वाचायचा?

भाओजींनी १८ हप्ते एकही न चुकवता भरले. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं ऐकून कोणी म्हणेल की माणूसच बुडवा असणार. तसं काही नव्हतं. १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही बंदीचा हुकूम दिला, आणि ट्रक अंगणात उभा राहिला. त्या दिवशी कर्जातले सुमारे ९ लाख १२ हजार बाकी होते. हप्ता थांबला की व्याज थांबत नाही. त्या बाकीवर महिन्याला ९ हजारांवर व्याज चढत होतं. दीड वर्षात, दंड न धरता, आकडा १० लाख ९० हजारांच्या आसपास गेला. ट्रक विकून टाकावा म्हटलं तर घेणार कोण? सगळ्यांचेच ट्रक एकदम विकायला निघाले होते.

मग कर्ज देणाऱ्या संस्थेची नोटीस आली. ती डिचोलीला गेली तशीच मामाच्या घरीही आली. मामा म्हणाला, आधी त्याच्याकडून वसूल करा, ट्रक घ्या, नंतर माझ्याकडे या. आपल्यापैकी बहुतेकांची समजूत हीच असते, आणि ती चुकीची आहे. १८७२ चा करार कायदा आहे, त्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. बँक ऑफ बिहारच्या एका खटल्यात खालच्या कोर्टांनी म्हटलं होतं की बँकेने आधी कर्जदाराकडून वसुलीचे सगळे उपाय करावेत, मगच जामीनदाराला धरावं. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अट काढून टाकली. जामीनदाराने शेवटपर्यंत थांबावं आणि मग द्यावं, तर जामीन घेण्याचा अर्थच काय उरला, असा त्या निकालाचा भाव. म्हणजे संस्था थेट तुमच्या दारात येऊ शकते, आणि येतेच, कारण तुमच्याकडे ठेव असते आणि कर्जदाराकडे उभा ट्रक.

मामाची त्याच संस्थेत ठेव होती. नव्या आऊटबोर्ड इंजिनासाठी जमवलेले ३ लाख. ते त्या खात्यात वळते झाले. पुढे मामा स्वतःच्या इंजिनासाठी दुसऱ्या बँकेत कर्जाला गेला, तिथे त्याच्या सिबिलच्या कागदावर हे थकलेलं कर्ज जामीनदार म्हणून दिसत होतं. तेही कर्ज अडलं. २०१४ साली सरकारने खाणबंदीत सापडलेल्या कर्जदारांसाठी सवलतीची योजना आणली, तिच्यात भाओजींचं खातं एकदाचं मिटलं. मामाचे गेलेले ३ लाख मात्र गेलेच. कायद्याने ते त्याला भाओजींकडून मागता येतात. पण बहिणीच्या घरावर दावा लावायला कुठला भाऊ कोर्टात जाईल?

चार वर्षं बहीण चवथीला माहेरी आली नाही. तिला वाटायचं, भाऊ पैशांची आठवण काढेल. भावाला वाटायचं, आपण गेलो तर वसुलीला आलोय असं दिसेल. भांडण एकदाही झालं नाही, पण जाणं-येणं बंद पडलं.

यातून आम्हाला एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. सही मागणारा म्हणतो, "माझ्यावर विश्वास नाही का?" आणि आपण त्या प्रश्नात अडकतो. पण जामीन म्हणजे माणसाच्या नियतीचा प्रश्नच नाही. भाओजींची नियत चोख होती. मामाने सही केली ती खाणींवर, कोर्टाच्या निकालावर आणि ट्रकाच्या बाजारभावावर. आपल्या धंद्यात हीच सही समुद्रावर होते: तारले-बांगडे न लागलेल्या मोसमावर, वादळात गेलेल्या जाळ्यावर. म्हणून "विश्वास नाही का?" याला खरं उत्तर एवढंच की, "तुझ्यावर आहे, पण तुझ्या धंद्याचं पुढच्या पाच वर्षांत काय होईल ते तुझ्याही हातात नाही, माझ्याही नाही." हे ज्याला समजतं त्याला "नाही" म्हणताना समोरच्याला खोटा ठरवावं लागत नाही. अर्धं काम तिथेच होतं.

आणखी एक बघा. संस्था जामीनदार मागते, म्हणजे एवढी रक्कम या माणसाच्या मिळकतीतून परत येईल याची तिला पुरती खात्री नसते. रोज कर्जाचे कागद बघणाऱ्याला जे धाडस होत नाही, ते मामाने दोन मिनिटांत करावं अशी ती अपेक्षा असते. आम्ही स्वतः संस्थेचे लोक आहोत, तरी हे म्हणतो.

आता त्याच घरातली दुसरी गोष्ट. बोलायचं कसं ते हिच्यात आहे.

मध्यंतरी बहीण-भावाचं जाणं-येणं परत सुरू झालं होतं. ट्रकाचा भाचा आता मोठा झाला. तो पहाटे शापोरा-केरीकडून मासळी घेतो आणि डिचोली, साखळीच्या बाजारात विकतो. धंदा बरा चालला होता. त्याने मासळीसाठी बंद गाडी घ्यायची ठरवली. परत १२ लाखांचं कर्ज आणि परत मामाकडे सही. बहिणीचा फोन आला, "दादा, तू आहेस म्हणून मी त्याला पुढे जा म्हटलं."

मामाच्या पोटात गोळा आला. पहिले दोन दिवस त्याने आपण सगळे करतो तेच केलं. फोन उचलला नाही, उचलला तेव्हा "बघूया" म्हणाला. त्याची बायको शहाणी. तिने विचारलं, "बघूया म्हणजे काय? द्यायची आहे का सही?" तो म्हणाला, नाही. "मग उद्याच सांगा. पोर गाडीवाल्याला बयाणा देऊन बसला तर ते पैसे कोण भरणार?"

हा मुद्दा सगळ्यात मोलाचा आहे. "बघूया" हा शब्द आपल्याला मऊ वाटतो, पण समोरचा तो "हो" म्हणून ऐकतो आणि पुढे जातो. बयाणा देतो, जुनी गाडी विकायला काढतो, दुसऱ्या जामीनदाराला "तू राहू दे, मामा आहे" म्हणून सांगतो. तीन आठवड्यांनी तुम्ही नाही म्हटलंत की त्याचं खरोखरचं नुकसान होतं, आणि तो राग रास्त असतो. त्याला पहिल्या दिवशी नाही ऐकून जेवढं वाईट वाटलं असतं, त्याच्या दसपट ते मग वाटतं. म्हणून विचार करायला वेळ पाहिजे तर दिवस सांगून घ्या: "रविवारी येऊन सांगतो." आणि रविवारी जा.

मामा-मामी दोघंही डिचोलीला गेले. फोनवर सांगितलं नाही, चवथीला दहा माणसं जमल्यावरही नाही. घरात बहीण, भाओजी आणि भाचा, एवढेच. मामा म्हणाला, "बाय, मी सही करणार नाही. आम्ही दोघांनी ठरवलंय, यापुढे कोणाच्याच कर्जाला सही नाही. हिच्या भावाला नाही, माझ्या भावालाही नाही. तुमच्यावर राग असता तर आम्ही आलोच नसतो."

बहीण रडली. भाओजी उठून बाहेर गेले. मामी म्हणते, ती पंधरा मिनिटं फार वाईट गेली. पण मामाने एक गोष्ट बरोबर केली. त्याने जास्त कारणं दिली नाहीत. आपण नाही म्हणताना कारणांची माळ लावतो: आता हात तंग आहे, मुलीची फी आहे, इंजिन बिघडलंय. गरजवंत माणूस एकेक कारण सोडवत येतो. हात तंग आहे म्हटलंत तर "चवथीनंतर चालेल" म्हणतो. पगाराचा दाखला नाही म्हटलंत तर "बोटीचे कागद चालतात, मी विचारून आलोय" म्हणतो. शेवटी तुमच्याकडे कारण उरत नाही, आणि नाही तर म्हणायचंच असतं. तेव्हा तुम्ही खोटे दिसता. कारण एकच द्यावं, ते खरं असावं, आणि तारीख बदलल्याने ते बदलू नये.

घरचा नियम हे तसं कारण आहे, पण एका अटीवर: तो सगळ्यांना सारखा लागला पाहिजे. आज बहिणीला नाही आणि उद्या साडूला हो केलंत की आपल्या गावात ते संध्याकाळपर्यंत कळतं. मग आधीचं "नाही" अपमान होऊन बसतं. साडूचा कागद येईल तेव्हाही हेच सांगता येईल का, हे पाळता येत नसेल तर नियमाचं नाव घेऊ नका. सरळ म्हणा, एवढ्या मोठ्या रकमेला मी पुरा पडणार नाही.

दुसरी पळवाट म्हणजे "मी केली असती रे, पण हिला पटत नाही." हे आम्हाला अजिबात आवडत नाही. नवरा चांगला राहतो आणि पुढची वीस वर्षं सासरचे सगळे त्या बाईकडे वाकड्या नजरेने बघतात. वास्तविक गोव्यात हा विषय नवरा-बायको दोघांचाच आहे. आपल्याकडच्या कायद्यात लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर मिळकत दोघांची, अर्धी-अर्धी धरली जाते. घर, ठेव, बोट यांवर दोघांचा हक्क. तेव्हा "आम्ही ठरवलंय" हेच खरं वाक्य आहे, आणि ते बोलताना दोघांनी बसावं. २०११ साली मामीला विचारलंच नव्हतं, आणि गेलेल्या ३ लाखांत तिचाही वाटा होता.

नाही म्हणून झाल्यावर मामा उठून आला नाही, हे आम्हाला सगळ्यात आवडलं. त्याने भाच्याला विचारलं, "१२ लाखांचीच गाडी का?" पोराने हिशोब मांडला. रोज किती पाट्या विकतो, बर्फाला किती जातात, रिक्षाभाडं किती. हिशोबात असं निघालं की जून-जुलैत ट्रॉलरची मासळी नसताना त्याची विक्री निम्म्यावर येते, आणि हप्ता मात्र बारा महिने तेवढाच. मोठ्या गाडीचा हप्ता त्या दोन महिन्यांत खिशातून भरावा लागला असता. हा आकडा त्याने आधी मांडलाच नव्हता, कारण सही मिळणार हे गृहीत होतं.

शेवटी तीन चाकी आणि तिच्यावर बर्फाची पेटी इथपर्यंत तो आला. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अशा वाहनांना ठरलेल्या किमतीच्या ४० टक्के, आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठेवलेलं होतं. मामाने बहिणीच्या नावाने अर्ज करायला सुचवलं, कारण बाजारात बसून विकते तीच. अर्जाचे कागद जमवायला तो स्वतः तीन फेऱ्या पणजीला गेला. हे अनुदान साधारणपणे खर्च झाल्यावर मिळतं, म्हणून सुरुवातीला पैसा लागतोच. त्यासाठी मामा-मामीने ४० हजार रुपये दिले आणि तिथल्या तिथे सांगितलं, "हे उसने नव्हेत. परत आणून देऊ नकोस." छोट्या गाडीचं उरलेलं कर्ज गाडीच्याच तारणावर झालं, जामीनदार लागला नाही.

प्रत्येकाला ४० हजार देता येणार नाहीत. कोणाला ५ हजार जमतील, कोणाला फक्त फेऱ्या मारणं. पण जी रक्कम परत नाही आली तरी आपण त्या माणसाच्या घरी हसत जेवायला बसू, तेवढीच द्यावी, आणि ती देणगी म्हणूनच द्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. मधली रक्कम फार वाईट. दोन-तीन लाख नात्यात उसने देतात, तेव्हा कागद करायला लाज वाटते. कागद नसला की तीन वर्षांनंतर कोर्टात मागायची सोयही बहुधा संपते. शिवाय २० हजार किंवा त्याहून जास्त रोख उसनी घेणं आयकराच्या नियमात बसत नाही, आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. म्हणजे रोख पैसे हातात ठेवून आपण नातेवाइकालाच अडचणीत टाकतो.

ज्यांच्याकडे जाळी, बर्फ, डिझेल अशा मोसमाच्या खर्चासाठी मागणी येते त्यांनी हेही लक्षात ठेवा. २०१९ पासून किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळतं. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंत त्याला तारण लागत नाही. बोट विकत घ्यायला ते उपयोगाचं नाही, चालू खर्चाला आहे. भावाला सही देण्यापेक्षा त्याच्याबरोबर बँकेत जाऊन हा फॉर्म भरून घेणं हे जास्त मोठं काम आहे. एका फेरीत होत नाही, तेवढं खरं.

आता राग येईल का? येईल. भाओजी पाच-सहा महिने मामाशी तुटक बोलत होते. मामाने त्याचा बाऊ केला नाही. मासळी पाठवायची ती पाठवत राहिला, आजारपणात गेला, आणि "मी सही दिली नाही ते कसं बरोबर होतं" हे कधी बोलून दाखवलं नाही. गावातही कोणाला सांगितलं नाही की भाचा सही मागायला आला होता. नाही म्हणणं एक वेळ माणूस विसरतो, पण त्याची चारचौघांत चर्चा झालेली विसरत नाही. त्या वर्षी चवथीला बहीण आली, भाओजी आले नाहीत. पुढच्या वर्षी दोघंही आले.

शेवटी आमच्या स्वतःच्या घरातलं. आपल्या सोसायटीच्या कर्जाच्या फॉर्मवरही दोन सभासद जामीनदारांच्या सह्या लागतात. आजवर कर्जदारच फॉर्म घरोघर फिरवून सह्या आणतो आणि आम्ही त्या मान्य करतो. तोंडावर नाही कसं म्हणायचं म्हणून केलेल्या सह्या त्यांत किती असतील, आम्हीच जाणतो. आमची सूचना अशी आहे की यापुढे जामीनदाराने पती किंवा पत्नीसह कार्यालयात यावं, कर्जदार सोबत नसताना. तिथे त्यांना बाकी रक्कम, हप्ता आणि थकल्यास किती भरावं लागेल तो आकडा मराठीत लिहून द्यावा, आणि नंतर तीन दिवस विचाराला द्यावेत. त्या तीन दिवसांत कोणी नको म्हणाला तर कर्जदाराला "जामीन मंजूर झाला नाही" एवढंच कळवावं, कोण नाही म्हणालं ते नव्हे. यामुळे काही कर्जं अडतील, वसुली समितीतल्या काहींना हे पसंत पडणार नाही. तरी येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही हा ठराव मांडणार आहोत. सभासदांनी येताना घरच्या मंडळींनाही विचारून यावं.